गडचिरोलीचा भात, लोहाची गोळी आणि परसबाग: छुप्या भुकेच्या तीन उपायांचा हिशेब

गडचिरोली हा भाताचा जिल्हा. बांधीत धान, घरी भात, आजारपणात पेज, उन्हाळ्यात आंबील. २०१९-२० मध्ये केंद्र सरकारने रेशनवर पोषक घटक मिसळलेला तांदूळ देण्याची पथदर्शी योजना आखली, तेव्हा महाराष्ट्रातून हाच जिल्हा निवडला गेला. पुढे १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी सर्व सरकारी योजनांतला तांदूळ असाच देण्याची घोषणा केली आणि मार्च २०२४ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने देशभर पोहोचला. याच जिल्ह्यात गरोदर स्त्रियांना लोहाच्या गोळ्या मिळतात, आणि आदिवासी भागांसाठी २०१५ पासून सुरू असलेल्या अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत शिजवलेलं जेवणही मिळतं. तिन्ही उपाय एकाच गावात, कधी एकाच घरात चालू आहेत. यातला कोणता कुणाला किती पुरतो, हे पाहायला गडचिरोलीइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल, कारण इथे सिकलसेल आणि मलेरिया हे दोन घटक हिशेबात उतरतात आणि पुस्तकातलं सोपं उत्तर बिघडवतात.

हिशेबासाठी एक नमुना घर घेऊ. पंचविशीतली स्त्री, नवरा, सासू आणि दीड वर्षाचं मूल. शेतात थोडं धान पिकतं आणि रेशनचा तांदूळही येतो. ती स्त्री दिवसाला साधारण ४०० ग्रॅम तांदूळ खाते असं धरू. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे लोह अवघं ०.६५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे ४०० ग्रॅममधून २.६ मिलिग्रॅम. ३० ग्रॅम तूरडाळीतून सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. भाजी, मिरची, मसाला आणि अधूनमधून मासळी मिळून आणखी दोनेक धरा. एकूण सहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीची सरासरी गरज दिवसाला १५ मिलिग्रॅम आहे, आणि जवळजवळ सगळ्या स्त्रियांना पुरेल अशी शिफारस २९ ची. म्हणजे सरासरी गरजेपेक्षाही रोज नऊ मिलिग्रॅम कमी पडतात, आणि हे पोट भरून जेवूनही. छुपी भूक म्हणतात ती हीच.

आता रेशनचा तांदूळ ताटात येऊ द्या. अन्नसुरक्षा मानकांप्रमाणे एक किलो पोषणयुक्त तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड आणि ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२ असायला हवं. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. सगळं तांदूळच धरलं तर रोजचे १६७ ग्रॅम, आणि त्यातून लोह ४.७ ते ७.१ मिलिग्रॅम. आपल्या स्त्रीचं ताट सहावरून अकरा ते तेरापर्यंत चढतं. ही छोटी गोष्ट नाही. कुणाचीही सवय न बदलता, कुणालाही काही लक्षात ठेवायला न लावता तूट निम्म्याहून अधिक भरली. पण पंधरा गाठले नाहीत, आणि उरलेले २३३ ग्रॅम तांदूळ घरच्या धानाचे आहेत, ज्यात काहीच मिसळलेलं नाही. सुगीनंतरच्या महिन्यांत घरचं धान भरपूर असतं तेव्हा रेशनचा तांदूळ मागे पडतो. घरची कणगी रिकामी झाली की ताटात तोच तो असतो. त्यामुळे एकाच घरातली मात्रा वर्षभर सारखी राहत नाही. हा तांदूळ सगळ्यांपर्यंत सारखा पोहोचतो असं मानणाऱ्यांनी हे एकदा गावात जाऊन पाहावं.

दुसरी गोष्ट शोषणाची. तांदळात घालतात ते लोह बहुधा फेरिक पायरोफॉस्फेट या रूपात असतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून भाताचा रंग आणि चव बदलत नाही. आणि विरघळत नाही म्हणूनच आतड्यात शोषलंही कमी जातं, गोळीतल्या फेरस सल्फेटच्या साधारण निम्मं. मानकात हे दिसतं. सोडियम आयर्न ईडीटीए वापरलं तर किलोला १४ ते २१.२५ मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे नेमकं अर्धं, कारण ते चांगलं शोषलं जातं. पण त्याने तांदळाचा रंग बिघडण्याची शक्यता असते, म्हणून गिरण्या पहिल्याकडेच वळतात. पेरलेले सहा मिलिग्रॅम म्हणजे अंगी लागलेले सहा मिलिग्रॅम नव्हेत. शंभरात पाच अंगी लागले तर ०.३.

हा ०.३ चा आकडा गरोदरपणाच्या शेजारी ठेवला की तांदूळ आणि गोळी यांतला फरक आपोआप उलगडतो. गरोदरपणात शरीराला एकूण साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं, बहुतेक सगळं शेवटच्या सहा महिन्यांत, म्हणजे दिवसाला अंगी लागलेले साडेपाच मिलिग्रॅम. पोषणयुक्त तांदूळ यातला विसावा हिस्सा देतो. ६० मिलिग्रॅमच्या गोळीतलं दहा टक्के शोषलं गेलं तर सहा मिलिग्रॅम होतात. म्हणून ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक याप्रमाणे १८० गोळ्या आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० गोळ्या आहेत, प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ च्या मध्ये असेल तर रोज दोन गोळ्या. ज्या गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ९ आहे तिला ‘रेशनचा तांदूळ खा’ एवढंच सांगून घरी पाठवणं हा अपराध आहे. तांदूळ तूट वाढू न देण्यासाठी आहे, झालेली तूट भरून काढण्यासाठी नाही.

त्या दीड वर्षाच्या मुलापर्यंत तर तांदूळ नीट पोहोचतच नाही. ते दिवसाला पन्नासेक ग्रॅम तांदळाचा भात खाईल, त्यातून दीड-दोन मिलिग्रॅम मिळतील, आणि एक ते तीन वयातल्या मुलासाठी शिफारस ८ ची आहे. त्याच्यासाठी आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर सिरप असतं, २० मिलिग्रॅम लोहाचं. ५० मिलिलिटरची बाटली, म्हणजे ५० मात्रा, जवळजवळ सहा महिन्यांची सोय. बाटलीला मोजून थेंब देणारं तोंड असतं. ते हरवलं की घरातल्या चमच्याने अंदाजे दिलं जातं आणि मात्रा सुटते. आशाताईने घरी गेल्यावर बाटली उजेडात धरून पातळी पाहावी. दोन महिन्यांनी बाटली दोन तृतीयांश भरलेली दिसली तर मात्रा बरोबर चालली आहे. भरलेलीच दिसली तर ती उघडलीच गेलेली नाही.

गोळ्या का सुटतात याची कारणं जुनीच आहेत, पण एक कारण फारसं कुणी सांगत नाही. गरोदर बाईला लोहाबरोबर कॅल्शियमच्याही गोळ्या मिळतात, दिवसातून दोन. दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत येतात आणि ती दोन्ही एकदमच गिळते, वर चहा. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोहाचं शोषण अडवतात. म्हणजे तिने सगळं मन लावून केलं आणि हाती थोडंच लागलं. दोन्हींमध्ये किमान दोन तासांचं अंतर हवं: कॅल्शियम सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर, लोह रात्री झोपताना, पाण्याबरोबर, जमल्यास अर्ध्या लिंबाच्या रसाबरोबर. मळमळ होते म्हणून रात्र बरी. शौचाला काळं होतं ही खूण घाबरण्याची नाही, उलट गोळी पोटात जाते आहे याचा पुरावा आहे. हे आधीच सांगितलं तर बाई त्या दिवशी गोळी सोडत नाही.

आता सिकलसेल. विदर्भाच्या पूर्व पट्ट्यात, गडचिरोलीत विशेषतः, हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. लोह मिसळलेल्या अन्नाच्या पाकिटावर सिकलसेलच्या रुग्णांनी ते खाऊ नये अशी सूचना छापणं पूर्वी बंधनकारक होतं, आणि रेशनचा तांदूळ सगळ्यांना सारखाच मिळत असल्याने यावर मोठा वाद झाला. नंतर तज्ज्ञांच्या तपासणीनंतर २०२४ मध्ये ही सूचना काढून टाकण्यात आली. भीती अगदीच निराधार नव्हती, पण तिचा पत्ता चुकला होता. सिकलसेलच्या रुग्णात लोह साठतं ते मुख्यतः वारंवार रक्त चढवल्याने. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. रेशनच्या तांदळातून अंगी लागणाऱ्या ०.३ मिलिग्रॅमने तेवढं व्हायला दोन वर्षं लागतील. फक्त वाहक असलेल्यांना तांदळाचा प्रश्नच नाही. आणि ज्यांना रक्त चढवलेलं नाही अशा काही रुग्णांत लोह कमीसुद्धा असतं.

धोका आहे तो गोळीत. सिकलसेलची मुलगी शाळेतून तपासली जाते, हिमोग्लोबिन ८ निघतं, तिला रोज दोन गोळ्या लिहून दिल्या जातात. तिच्या रक्तपेशी लवकर फुटतात म्हणून हिमोग्लोबिन कमी आहे. लोह कमी असेलच असं नाही. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन तितकंच, लोहाचा साठा मात्र वाढलेला. म्हणून या जिल्ह्यात क्रम उलटा लावावा लागतो. विद्राव्यतेची साधी सिकलसेल चाचणी आधी, ती होकारार्थी आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचणीने वाहक की रुग्ण हे ठरवणं, आणि रुग्ण ठरला तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पाहिल्याशिवाय लोह नाही. फक्त फोलिक ॲसिड. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, त्यातल्या तपासणीचा निकाल गोळ्यांच्या नोंदवहीपर्यंत पोहोचला तर हे सहज जमतं. दोन वेगळ्या नोंदवह्या आणि दोन वेगळे कर्मचारी असतील तर जमत नाही.

मलेरियाचंही तसंच. राज्यातल्या मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. मलेरियात रक्तपेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन उतरतं, शिवाय शरीर लोह साठ्यात अडकवून ठेवतं. झांझिबारमधल्या पेंबा बेटावर लहान मुलांना रोज लोह आणि फोलिक ॲसिड देण्याची मोठी चाचणी झाली होती. २००६ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा लोह घेतलेल्या मुलांत गंभीर आजारपण आणि मृत्यू वाढलेले दिसले. तिथे मलेरिया तीव्र होता. तेव्हापासूनचा शहाणपणाचा मार्ग हा की मलेरियाच्या भागात लोह थांबवायचं नाही, पण मच्छरदाणी, ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी आणि लगेच उपचार यांच्या बरोबरीनेच द्यायचं. ताप असलेल्या मुलाला सिरप त्या आठवड्यापुरतं थांबवावं. अन्नातून थोडं थोडं येणारं लोह इथे तुलनेने निर्धोक ठरतं, आणि मिसळलेल्या तांदळाची ही बाजू वादात नेहमी झाकली जाते.

तांदळाचा खरा अडथळा गिरणीत आणि चुलीपाशी आहे. तुकडा तांदळाचं पीठ, पोषकांचं मिश्रण आणि पाणी-वाफ एकत्र मळून यंत्रातून दाबून भातासारखे दाणे काढतात, वाळवतात आणि धानाच्या भरडाईनंतर ते शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. त्या एका दाण्यात शंभर दाण्यांचं लोह असतं, म्हणून मिसळण्यात चूक झाली तर ती शंभरपट दिसते. एका पोत्यात दाणे जास्त, दुसऱ्यात जवळजवळ नाहीत. तपासायला यंत्र लागत नाही. तीन-चार पोत्यांच्या वरून, मधून आणि तळातून तांदूळ घेऊन एकत्र करा, १०० ग्रॅम मोजा, पांढऱ्या कागदावर पसरा आणि वेगळ्या दिसणाऱ्या दाण्यांचं वजन करा. एक ग्रॅम, म्हणजे पन्नासेक दाणे, निघायला हवेत. दाणे खरंच लोहाचे आहेत का हे पाहायला थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पोटॅशियम थायोसायनेट टाकावं; लोह असेल तर दाणा लालसर होतो, साधा तांदूळ होत नाही. ही चाचणी तालुक्याच्या गोदामात करता येते.

चुलीपाशी वेगळीच अडचण. हे दाणे साध्या तांदळापेक्षा हलके, थोडे पिवळसर. धुताना वर तरंगतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ आला अशी अफवा गावोगाव याच दाण्यांवरून उठली, आणि घरातली काळजी घेणारी बाई नेमके तेच दाणे निवडून टाकते. शंभर रुपयांच्या थैलीतून एकमेव सोन्याचा मणी काढून फेकण्यासारखं हे आहे, आणि चूक तिची नाही. तिला कुणी आधी दाखवलं नाही. भाषणाने हे सुटत नाही. रेशन दुकानात वाटपाच्या दिवशी नुसते हे दाणे एका भांड्यात शिजवून ठेवले, चार बायांनी खाऊन पाहिले, की शंका जाते. यंत्रातून काढलेले दाणे धुतल्याने लोह फारसं गमावत नाहीत. जास्त पाण्यात भात करून पेज ओतून दिली तर फोलिक ॲसिड आणि बी-१२ काही प्रमाणात वाहून जातात. गडचिरोलीत पेज पितात, आणि ही सवय इथे उपयोगी पडते.

आहार बदलण्याचा उपाय मी शेवटी घेतो, कारण तो सगळ्यात हळू आहे आणि सगळ्यात जास्त देतो. इथला समाज मांसाहारी आहे, जंगल जवळ आहे. पावसाळ्यात काटवलं, टरोटा, वास्ते, अंबाडी. नदी-तळ्यांत मासे आणि झिंगे. धुऱ्यावर तूर आणि पोपटाचे वेल. तरी ताट भात-वरणावरच अडतं, कारण बाजारात विकण्याजोगी गोष्ट आधी विकली जाते. अंडं विकलं जातं, कोंबडी विकली जाते, मोठे मासे विकले जातात. म्हणून परसबागेची मोहीम फक्त बियाणांची पिशवी वाटून संपवू नये. काय लावलं यापेक्षा त्यातलं घरात कितींदा शिजलं हे विचारावं. तीन गोष्टी मोजायला सोप्या आहेत: बाईने कालच्या दिवसात भाताशिवाय किती अन्नगट खाल्ले, अंडं किंवा मासळी आठवड्यात कितींदा आली, आणि जेवणाबरोबर आंबट ताजं काही होतं का. शेवटचा प्रश्न लहान वाटतो, पण वनस्पतीतलं लोह क जीवनसत्त्वाच्या सोबतीने बरंच जास्त शोषलं जातं; आवळ्याच्या शंभर ग्रॅममध्ये अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, आणि आवळा इथल्या जंगलात आहे. रेशनच्या भाताबरोबर कच्च्या आवळ्याचा तुकडा हा त्या फेरिक पायरोफॉस्फेटची बाजू सावरणारा सर्वांत स्वस्त मार्ग.

अमृत आहाराच्या जेवणात हेच तत्त्व असायला हवं: भात किंवा भाकरी, डाळ, हिरवी भाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, आणि उकडलेलं अंडं किंवा केळं. हा ‘किंवा’ महागात पडतो. जेवणाचा दर ठरलेला असतो आणि अंड्याचा भाव हिवाळ्यात चढतो, की अंगणवाडीत केळं येतं. केळ्यात बी-१२ नाही. अंड्यातल्या लोहाचं शोषण फारसं चांगलं नसलं, तरी बी-१२, अ जीवनसत्त्व आणि प्रथिनं यांसाठी अंडंच हवं. दराची फेरपाहणी अंड्याच्या भावाला जोडलेली असेल तर हा तिढा सुटतो. नाहीतर कागदावर ‘अंडं किंवा केळं’ पुरं झालं असं दिसत राहतं.

आता तिन्ही उपायांची फळं कशी मोजायची, यावर बरंच काही बिघडतं. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजलं की आकडा बऱ्याचदा चुकतो. थेंब काढायला बोट दाबलं तर ऊतींमधला द्रव मिसळतो आणि आकडा उतरतो. शिरेतून रक्त घेऊन केलेल्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वयाच्या साधारण ४० टक्के मुलांत रक्तक्षय दिसला, आणि त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचंच कारण लोहाची कमतरता होती. बाकीच्यांत बी-१२, फोलेट आणि इतर कारणं होती. म्हणजे लोह भरपूर दिलं तरी दोन तृतीयांश मुलांचं हिमोग्लोबिन जागचं हलणार नाही. योजना अपयशी ठरली असा निष्कर्ष कुणी काढेल, आणि तो चुकीचा असेल. मोजायला हवा तो लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, सोबत शरीरातला दाह दाखवणारं सीआरपी, कारण ताप-जंतुसंसर्गात फेरिटिन खोटं चढतं. मलेरियाच्या हंगामात, जुलै ते नोव्हेंबरमध्ये, नमुने घेतले तर चित्र धूसर होतं. फेब्रुवारीनंतर घ्यावेत, मात्र तेव्हा घरचं धान संपायला आलेलं असतं आणि रेशनचा वाटा वाढलेला असतो, हे नोंदवूनच तुलना करावी.

गोळ्यांवर असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन महिन्यात किमान १ ग्रॅमने चढायला हवं. चढलं नाही तर मात्रा वाढवण्याआधी प्रश्न याच क्रमाने विचारावेत: गोळ्या खरंच गिळल्या जातात का आणि कॅल्शियमपासून दूर ठेवल्या जातात का, सिकलसेलची चाचणी झाली आहे का, गेल्या महिन्यात ताप आला होता का, जंतांची ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची गोळी केव्हा घेतली होती, आणि गरोदर असेल तर ती पहिल्या तिमाहीनंतरच घेतली होती का, मासळी-अंडं-दूध यांपैकी काही ताटात येतं का, म्हणजे बी-१२ चा संशय धरायचा का. यातलं एकही उत्तर न मिळता बाई रिकामी परत गेली, तर पुढच्या महिन्यातही हिमोग्लोबिन तेवढंच असेल, आणि बाळंतपण जवळ आलेलं असेल.